नुकतेच रंगवलेले केस आणि समुद्राचं पाणी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शुक्रवारी पार्लरमध्ये ग्लोबल कलर केला आणि शनिवारी तारकर्लीला समुद्रात उतरले, तर रंग निघून जाईल का?

सगळा जाणार नाही, पण जेवढा टिकायला हवा तेवढा टिकणारही नाही. किती जाईल हे कोणता रंग लावला आहे यावर ठरतं.

परमनंट कलरमध्ये ट्यूबमधला रंग आणि डेव्हलपर, म्हणजे रंग पक्का करणारं पेरॉक्साइडचं द्रावण, एकत्र करतात. त्यातला अमोनिया (किंवा ‘अमोनिया नाही’ असं लिहिलेल्या रंगातला त्याचा पर्याय) केस फुगवतो, केसावरचे खवले उचलतो आणि रंगाचे लहान रेणू आत शिरतात. आत गेल्यावर डेव्हलपरमुळे ते एकमेकांशी जोडले जातात, मोठे होतात आणि अडकून बसतात. काही रेणू मात्र नीट जोडले न जाता वरच्या थराजवळ राहतात. पहिल्या दोन-तीन धुण्यांत पाण्याला जो रंग येतो, तो बहुतेक त्यांचाच. समुद्रात तासभर डुंबलं की हीच दोन-तीन धुणी एका दमात होतात.

टोनर आणि निळा-गुलाबी-जांभळा अशा फॅशन शेड्सची गोष्ट वेगळी. फॅशन शेड्सचे रेणू आधीच तयार असतात. ते केसात जोडले जात नाहीत, नुसते चिकटून किंवा शिरून राहतात, त्यामुळे प्रत्येक ओलाव्याबरोबर थोडे थोडे बाहेर पडतात. टोनर म्हणजे ब्लीचनंतरची पिवळसर छटा झाकणारा हलका रंग. तो बहुधा सौम्य असतो आणि ब्लीच केलेल्या सच्छिद्र केसावर लावलेला असतो, म्हणून तोही लवकर सुटतो. राखाडी किंवा बेज टोनर असलेले हायलाइट्स घेऊन समुद्रात गेलात, तर एका दिवसातही पिवळसर-नारिंगी छटा डोकावू शकते. ब्लीच केल्यावर केसाचा जो मूळ रंग उरला होता, तोच टोनर निघाल्यावर दिसू लागतो.

म्हणजे मीठ रंग खातं का?

नाही. हा गैरसमज इतका पक्का आहे की त्यापायी लोक चुकीच्या ठिकाणी काळजी घेतात. मीठ म्हणजे ब्लीच नव्हे. रंग कमी होण्याची मुख्य कारणं दोन: पाणी आणि ऊन. मीठ केसाचा पोत बिघडवतं, आणि तेही बहुतेक समुद्रातून बाहेर आल्यावर.

केस भिजला की त्याची जाडी साधारण १५ टक्क्यांनी वाढते. खवले कौलांसारखे एकावर एक बसलेले असतात, ते फुगताना कडेला उचलले जातात आणि सुटे रेणू बाहेर निसटतात. समुद्राचं पाणी किंचित अल्कधर्मी असतं, पीएच साधारण ८.१. केस शांत असतो तो ४.५ ते ५.५ च्या आसपास, त्याहून अल्कधर्मी पाण्यात तो जास्त फुगतो. शिवाय नळाखाली केस दहा मिनिटं भिजतात, समुद्रात दोन तास, आणि तेही लाटांच्या घुसळणीत.

नुकत्याच रंगवलेल्या केसाला हे जास्त बाधतं. केसाच्या पृष्ठभागावर जन्मतः एक अतिशय पातळ स्निग्ध थर असतो, जो पाणी ढकलून देतो. रंगवताना आणि त्याहून जास्त ब्लीच करताना तो बराचसा निघून जातो. मग पूर्वी पाणी झटकणारा केस ते पिऊ लागतो.

मग मीठ नेमकं काय करतं?

एका लिटर समुद्राच्या पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात. खांद्यापर्यंतचे केस घट्ट पिळल्यावरही त्यात १०० मिली पाणी राहिलं असं धरू. ते केसातच वाळलं तर मागे साडेतीन ग्रॅम मीठ उरतं, म्हणजे चहाचा अर्धा चमचा भरून थोडं वर. हे मीठ खडे बनून खवल्यांच्या कडांवर बसतं. त्यावरून कंगवा किंवा बोटं फिरली की खवले घासून निघतात, गाठी होतात, टोकं तुटतात. उघड्या झालेल्या टोकांतून पुढच्या प्रत्येक धुण्यात रंग लवकर जातो. म्हणजे मीठ रंगाचं नुकसान करतं ते असं, आडवाटेने आणि उशिरा.

समुद्राच्या मिठात मॅग्नेशियमचे क्षारही असतात, आणि ते हवेतला ओलावा ओढून घेतात. कोकणातल्या दमट हवेत न धुतलेले केस संध्याकाळपर्यंत ना धड ओले ना धड कोरडे, असे चिकट राहतात ते यामुळेच. ‘केस वाळले की बघू’ म्हणून थांबण्यात अर्थ नाही, ते नीट वाळतच नाहीत.

ऊन आणि पाणी एकत्र आलं तर?

रंगाला सर्वात महाग पडतं ते हेच. अतिनील किरण रंगाचे रेणू तोडतात, आणि ओल्या केसात ही तोडफोड जास्त वेगाने होते. लाल आणि तांब्याच्या छटा सर्वात आधी फिक्या पडतात. काळा किंवा गडद तपकिरी डाय बहुधा तांबूस होत जातो. पांढरे केस झाकायला डाय लावणाऱ्यांना हा बदल आधी कानशिलांवर आणि भांगाजवळ दिसतो.

समुद्रात उतरायचंच असेल तर सकाळी दहाच्या आत किंवा दुपारी चारनंतर उतरा. बाहेर आल्यावर ओले केस उन्हात मोकळे सोडू नका. वेणी किंवा अंबाडा घाला आणि वर कोरडा सुती स्कार्फ बांधा. खाऱ्या पाण्याने भिजलेली ओढणीच डोक्याला गुंडाळली, तर ऊन अडतं, पण मीठ केसांवरच दाबून ठेवलं जातं.

रंगवल्यानंतर किती दिवस थांबावं?

परमनंट कलरसाठी निदान तीन दिवस, शक्य असेल तर आठवडा. या काळात घरी एक-दोनदा सौम्य धुणं झालेलं असावं, म्हणजे सुटा रंग घरच्या पाण्यात निघून जातो आणि टाळूही शांत होते. पार्लरमध्ये सांगतात ते ‘७२ तास’ म्हणजे जादूचा आकडा नव्हे. तेवढ्या वेळात फुगलेले खवले बरेचसे बसतात, पण तो स्निग्ध थर परत येत नाही. म्हणून चौथ्या दिवशीही केस कोरडे घेऊन समुद्रात शिरू नये.

टोनर किंवा फॅशन शेड करायची असेल तर ती सहलीनंतरच करा. आधी करून मग जपत बसण्यात पैसे वाया जातात.

समुद्रात उतरण्यापूर्वी काय करायचं?

केस गोड्या पाण्याने पूर्ण भिजवा. सगळ्या तयारीत हे एकच काम सर्वात जास्त उपयोगाचं आहे, आणि नेमकं तेच टाळलं जातं. केस स्वतःच्या वजनाच्या साधारण तीस टक्के पाणी शोषतो. ती जागा आधीच गोड्या पाण्याने भरली असेल तर खारं पाणी आत कमी शिरतं. खांद्यापर्यंतच्या केसांना एक लिटर पुरतं, कमरेपर्यंतच्या दाट केसांना दोन. नुसतं वरून ओतू नका. भाग पाडून मुळापासून टोकापर्यंत बोटांनी पाणी पोचवा आणि हलकं पिळा.

मग लांबीवर, विशेषतः टोकांना, दोन चमचे म्हणजे साधारण १० मिली साधा कंडिशनर किंवा एक चमचा खोबरेल तेल लावा. खोबरेल तेल केसात शिरतं आणि धुताना होणारी प्रथिनांची झीज कमी करतं, हे मुंबईतल्या संशोधकांच्या २००३ साली प्रसिद्ध झालेल्या कामात दिसलं आहे. त्याच तुलनेत सूर्यफुलाच्या आणि खनिज तेलाला तसा गुण दाखवता आला नव्हता. तेल कोमट करून चोळू नका आणि टाळूवर थापू नका. फॅशन शेड असेल तर तेलाऐवजी कंडिशनर घ्या, कारण सैल बसलेला रंग तेलाबरोबर हाताला लागू शकतो.

शेवटी सैल वेणी घाला. मोकळ्या केसांपेक्षा वेणीत ऊन आणि घर्षण दोन्ही कमी लागतं. स्कुबा किंवा स्नॉर्कलिंगला जाणार असाल तर वेणी मानेजवळ खाली ठेवा, म्हणजे मास्कचा रबरी पट्टा तिच्यावर बसत नाही.

बाहेर आल्यावर धुण्याची नेमकी पद्धत कोणती?

नियम दोन: केस वाळण्याआधी, आणि हप्त्याहप्त्याने. पंधरा-वीस मिनिटांत पहिलं गोडं पाणी मिळालं पाहिजे. हॉटेल लांब असेल तर दोन लिटरची पाण्याची बाटली बरोबर ठेवा आणि तिच्या झाकणाला सेफ्टी पिनने पाच-सहा भोकं पाडून घ्या. धार पातळ पडते आणि पाणी मुळांपर्यंत जातं.

हप्त्यांचं कारण हिशेबात दिसतं. वरचंच उदाहरण घेऊ. पिळलेल्या केसात १०० मिली खारं पाणी आहे, म्हणजे ३.५ ग्रॅम मीठ. एक लिटर गोडं पाणी नीट खेळवलं आणि पुन्हा तेवढंच पिळलं, तर मीठ अकराव्या हिश्श्यावर येतं, सुमारे ०.३ ग्रॅम. पुन्हा एक लिटर घालून पिळलं की ०.०३ ग्रॅम. हेच दोन लिटर एकदम वापरून शेवटी एकदाच पिळलं, तर ०.१७ ग्रॅम उरतं. पाणी तेवढंच, पण मीठ पाचपटीहून जास्त. प्रत्यक्षात पाणी इतकं सारखं मिसळत नाही, तरी फरक याच दिशेचा राहतो. मधे मुठीत दाबून पाणी काढायला विसरू नका. मीठ त्या काढलेल्या पाण्याबरोबर जातं.

क्रम असा ठेवा:

१. वेणी सोडा आणि समुद्राचं पाणी मुठीत दाबून काढा. पिळा देऊ नका.

२. मान खाली घालून पहिला लिटर मुळांपासून टोकांकडे सोडा. वाळू असेल तर पाण्यानेच वाहू द्या. बोटांनी खरवडलीत तर ती खवल्यांवर घासते.

३. दाबून काढा, दुसरा लिटर घाला, पुन्हा दाबा. केस लांब असतील तर तिसरा.

४. पाणी गार किंवा जेमतेम कोमट असावं. कढत पाण्याने केस आणखी फुगतो आणि रंग सुटतो.

५. खोलीवर गेल्यावर कंडिशनर लावा, तीन मिनिटं ठेवा, आणि तो केसात असतानाच रुंद दातांच्या कंगव्याने टोकांकडून वर येत गुंता सोडवा. मग धुवा.

६. जुन्या सुती पंचात दाबून टिपा. टॉवेलने खसाखसा पुसू नका. सावलीत वाळवा.

मीठ गेलं की नाही हे बोटांना कळतं. ओली बट दोन बोटांत धरून वरून खाली सरकवली की बोटं अडखळता कामा नयेत. वाळल्यावर केस ताठ आणि चिकट लागले, तर एक हप्ता कमी पडला आहे.

किनाऱ्याजवळच्या विहिरीचं किंवा बोअरचं पाणी चालेल का?

चव घ्या. मचूळ लागलं तर त्या पाण्याने पहिले दोन हप्ते करायला हरकत नाही, समुद्रापेक्षा ते कितीतरी कमी खारं असतं. शेवटचा हप्ता मात्र पिण्याच्या पाण्याचा असू द्या, अर्धा लिटर का असेना. चव गोडी असली तरी पाणी जड असू शकतं. साबणाला फेस येत नसेल आणि बादलीच्या कडेला पांढरा थर दिसत असेल, तर ते जड आहे. अशा पाण्यातलं कॅल्शियम केसावर बसतं आणि रंग मळकट दिसतो.

लगेच शाम्पू करावा का?

पहिल्या धुण्यात नको. मीठ नुसत्या पाण्यात विरघळतं, त्यासाठी फेसाची गरज नाही. नुकत्याच रंगवलेल्या केसावर प्रत्येक शाम्पू म्हणजे आणखी थोडा रंग. दोन दिवसांच्या सहलीत रोज पाणी आणि कंडिशनर, आणि शेवटच्या संध्याकाळी एकदाच सल्फेट नसलेला शाम्पू, एवढं पुरतं. तोही ५ ते ८ मिली, फक्त टाळूवर. लांबीवरून फेस आपोआप उतरतो. सनस्क्रीन किंवा तेल जास्त लागलं असेल तर शाम्पू त्याच दिवशी करावा लागेल, त्याला इलाज नाही.

अंगाची वडी केसांना अजिबात लावू नका. समुद्राच्या पाण्यातल्या कॅल्शियम-मॅग्नेशियमशी साबण मिळाला की न विरघळणारा पांढुरका चोथा तयार होतो. तो केसाला चिकटतो आणि नंतर पाण्याने सुटत नाही.

व्हिनेगर किंवा लिंबू?

व्हिनेगर चालेल, बेताने. एक लिटर गोड्या पाण्यात एक मोठा चमचा, म्हणजे १५ मिली पांढरं व्हिनेगर. कंडिशनर धुतल्यावर हे पाणी लांबीवरून सोडा, एक मिनिट ठेवा, साध्या पाण्याने काढा. आम्लामुळे केसाची फूग उतरते, खवले बसतात आणि जड पाण्याचा हलका थर विरघळतो. आठवड्यातून एकदा बस्स. टाळू चुरचुरत असेल तर मुळीच नको.

लिंबू नको. त्याची आंबटपणाची मात्रा सांभाळता येत नाही, उन्हात ते केस फिकट करतं, आणि रस लागलेल्या त्वचेवर ऊन पडलं तर डाग आणि फोडही येतात.

मेंदी लावलेली असेल तर?

साधी मेंदी पक्की असते. तिचा रंग केसातल्या प्रथिनाला धरून बसतो आणि दोन-तीन दिवसांत गडद होतो. तेवढं थांबलात तर समुद्राने फारसं बिघडत नाही, केस रुक्ष होतील एवढंच.

मेंदीवर इंडिगो चढवून काळे केले असतील तर मात्र सांभाळा. इंडिगो हवेशी संयोग होऊन दीड-दोन दिवसांत पक्का होतो. त्याआधी भिजलात तर पाणी निळं-हिरवं जाईल आणि खालची नारिंगी मेंदी उघडी पडेल. पुड्यातली झटपट ‘काळी मेंदी’ हा बहुतेक वेळा डायच असतो, तिला डायचेच नियम लावा.

समुद्रानंतर रिसॉर्टच्या पूलमध्ये गेलं तर मीठ निघेल ना?

मीठ निघेल आणि त्याच्या जागी क्लोरीन येईल. समुद्र रंग सोडवतो, पण क्लोरीन रंगाच्या रेणूंवर थेट हल्ला करतं. पाण्यात तांबं असेल तर ब्लीच केलेल्या केसावर हिरवट झाकही येते. केस हिरवे होण्याचं खापर समुद्रावर फुटतं, पण दोषी बहुतेक पूल असतो. दोन्हींच्या मधे गोड्या पाण्याचे दोन हप्ते आणि पुन्हा कंडिशनर, हे टाळू नका.

टाळू झोंबते आहे. घाबरण्यासारखं आहे का?

रंगवल्यानंतर एक-दोन दिवस टाळू नाजूक असते आणि खाऱ्या पाण्याने चुरचुरते. धुतल्यावर तासाभरात थांबलं तर ठीक. खाज वाढत गेली, कपाळ, कान किंवा पापण्या सुजल्या, पाणी सुटलं, तर ते मीठ नव्हे. डायची ॲलर्जी असू शकते, आणि ती रंग लावल्यानंतर एक-दोन दिवसांनीही उठते. त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा. चेहरा सुजत चालला किंवा श्वास जड वाटला तर सरळ दवाखाना गाठा.

केस निस्तेज दिसताहेत. रंग गेला की नुसता थर बसलाय, हे कसं ओळखायचं?

मानेजवळची, आतली एक बट निवडा. वर दिलेलं व्हिनेगरचं पाणी तिच्यावर सोडा, धुवा, कंडिशनर लावा, वाळवा आणि वरच्या केसांशी उजेडात ताडून बघा. त्यानंतर वरच्याही एका बटेला हेच करा. वरच्या बटेचा रंग परत आला, तर तो थर होता. सगळे केस तसेच धुतले की काम झालं. आतली बट गडद आणि वरची धुऊनही फिकी राहिली, तर उन्हाने रंग गेला आहे. मुळांशी रंग ठीक आणि टोकं फिकी असतील, तर टोकं सच्छिद्र झाली आहेत. तिथे नवा रंग लावला तरी तो लवकर जाईल, आधी इंचभर कापलेलं बरं.

परत रंगवायचं असेल तर कधी?

आल्या आल्या नको. आठ-दहा दिवस द्या, त्यात दोन-तीन वेळा कंडिशनर होऊ द्या. खारवलेला, सच्छिद्र केस रंग जास्त ओढतो आणि टोकं अपेक्षेपेक्षा गडद, मळकी होतात. परमनंट रंग पुन्हा सगळ्या लांबीवर लावण्याऐवजी मुळांना टच-अप करा आणि लांबीवर त्याच छटेचा रंग सोडणारा कंडिशनर किंवा अमोनियाविरहित ग्लॉस लावा. पार्लरमध्ये समुद्रात जाऊन आल्याचं आधी सांगा, म्हणजे टोकांवर रंग किती वेळ ठेवायचा ते त्यांना ठरवता येतं.